परवानगीच्या पत्रातला एक परिच्छेद

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी रुग्णांचे अभिप्राय घ्यायचे, तर आधी वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी लागते. पत्र प्राचार्यांमार्फत जातं आणि सोबत संस्थेच्या नैतिकता समितीचं मंजुरीपत्र, प्रश्नावली, मराठी संमतीपत्रक जोडलेलं असतं. खरी कसोटी मात्र मजकुराची असते.

‘रुग्णांचे अभिप्राय घेण्यास परवानगी मिळावी,’ एवढंच लिहिलं की अधीक्षकांना त्यात तक्रारींची चौकशी दिसू लागते. शिवाय कोण, कुठे, किती वेळ रुग्णांशी बोलणार, हेही कळत नाही. अशी फाइल खुलाशासाठी परत येते.

त्याऐवजी एखादी विद्यार्थिनी असं लिहू शकते: ‘स्त्री शल्यचिकित्सा कक्षातून घरी सोडण्याचा निर्णय झालेल्या 60 प्रौढ रुग्णांना, 1 ते 31 जुलै या काळात, दुपारी 2 ते 4 दरम्यान, शुश्रूषेविषयी प्रत्येकी 15 मिनिटे प्रश्न विचारले जातील. नाव व नोंदणी क्रमांक लिहिला जाणार नाही. केसपेपर पाहिले जाणार नाहीत. नकार दिल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही.’ अधीक्षकांना अडतील असे बहुतेक प्रश्न इथेच मिटतात. दुपारची वेळही उगाच नाही. सकाळी राउंड आणि ड्रेसिंगची धांदल असते.

त्याच कक्षात गणवेशात काम करणाऱ्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारले, तर रुग्ण ‘सगळं छान आहे’ म्हणून मोकळे होतात. म्हणून प्रश्न विचारणारी व्यक्ती त्या कक्षात ड्यूटीवर नसेल, हेही पत्रात हवं.

शेवटी प्रत अधिसेविकांना. ती राहिली, तर सही-शिक्क्याचा कागद हातात असूनही वॉर्डातली सिस्टर दारातच अडवते, आणि तिचं चुकतही नाही.