आयपी अ‍ॅड्रेसवरून शहर कळतं, घर नाही

"तुझा आयपी अ‍ॅड्रेस माझ्याकडे आहे, उद्या घरी येतो." ऑनलाइन गेम खेळताना किंवा सोशल मीडियावरच्या भांडणात अशी धमकी मिळाली की पुष्कळ जण हादरतात, मुलं तर फारच. सोबत नकाशाचा स्क्रीनशॉट असतो आणि त्यावर लाल पिन. पिन अगदी एका ठिकाणी टोचलेली असल्याने ते ठिकाण म्हणजे कुणाचं तरी घर, अशी समजूत होते. या समजुतीपायी काय घडू शकतं, हे अमेरिकेतल्या एका शेतावर दिसलं.

आयपी अ‍ॅड्रेसवरून ठिकाणाचा अंदाज देणारी मॅक्समाइंड नावाची अमेरिकन कंपनी आहे. एखादा अ‍ॅड्रेस अमेरिकेतला आहे एवढंच ठाऊक असेल आणि राज्य किंवा शहर काहीच कळत नसेल, तर नकाशावर कुठला तरी बिंदू दाखवावा लागतो. कंपनीने त्यासाठी देशाचा मध्य निवडला. मुख्य भूमीचा मध्य कॅन्सस राज्याच्या उत्तरेला, साधारण ३९.८ उत्तर अक्षांश आणि ९८.६ पश्चिम रेखांशावर येतो. आकडे सुटसुटीत करण्यासाठी कंपनीने ३८ आणि ९७ घेतले. तो बिंदू पडला कॅन्ससमधल्याच पॉटविन या छोट्या गावाजवळच्या एका शेतावर.

२०१६मध्ये एका पत्रकाराने हे उघडकीला आणलं, तेव्हा त्या एका बिंदूवर ६० कोटींहून अधिक आयपी अ‍ॅड्रेस नोंदलेले होते. तोवर अनेक वर्षं त्या शेतावरच्या घराच्या दारात पोलीस, एफबीआयची माणसं आणि करवसुली अधिकारी येत राहिले. आत्महत्येच्या बेतात असलेल्या माणसाला शोधत रुग्णवाहिका आल्या. फसवणूक झालेले लोक चिडून धमक्या देऊन गेले. स्थानिक शेरीफने शेवटी तिथे पाटी लावली, की या घराला त्रास देऊ नका, आधी मला फोन करा. राहणाऱ्यांचा या कशाशीही संबंध नव्हता. बातमी आल्यावर कंपनीने तो बिंदू हलवून एका जलाशयात नेला.

म्हणजे पिन टोकदार असली तरी तिच्यामागची माहिती "अमेरिकेत कुठेतरी" एवढीच होती. आज अशा कंपन्या प्रत्येक बिंदूबरोबर किलोमीटरमधली त्रिज्याही देतात. पाच, पन्नास, दोनशे, कधी हजार. घर शोधण्यासाठी हे अंदाज वापरू नका, असं मॅक्समाइंड स्वतःच सांगते. पण फुकटात आयपी शोधून देणाऱ्या बऱ्याच वेबसाइट ती त्रिज्या दाखवतच नाहीत, नुसती पिन दाखवतात. माझ्या मते गैरसमजाचं मूळ इथेच आहे.

मग शहराचा अंदाज तरी येतो कुठून? आयपी अ‍ॅड्रेस माणसांना नव्हे, इंटरनेट कंपन्यांना गठ्ठ्याने मिळतात. भारतात हे काम आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था करते. कुठला गठ्ठा कुठल्या कंपनीचा, हे तिच्या नोंदीतून कुणालाही पाहता येतं. पुढे तो गठ्ठा कुठल्या शहरात वापरायचा हे कंपनी ठरवते आणि काही कंपन्या त्याची यादी जाहीर करतात. यादीतली एक ओळ साधारण अशी असते:

```
203.0.113.0/24,IN,IN-MH,Nashik,
```

२५६ अ‍ॅड्रेसचा एक गठ्ठा, देश भारत, राज्य महाराष्ट्र, शहर नाशिक. गल्ली आणि घर यांना या ओळीत रकानाच नाही. जिथे यादी नसते तिथे संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो त्यावरून अंतर अजमावतात. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे दोनशे किलोमीटर जातो. त्यामुळे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागला, तर समोरचं यंत्र फार तर शंभर किलोमीटरवर असेल, एवढंच म्हणता येतं.

आणि हा शहराचा अंदाजही चुकतो, मोबाइल डेटावर तर बऱ्याचदा. सांगलीतल्या फोनची वाहतूक आधी कंपनीच्या मोठ्या केंद्रात जाते आणि तिथून इंटरनेटवर पडते. ते केंद्र मुंबईत असेल तर सांगलीकर मुंबईकर दिसतो. शिवाय अ‍ॅड्रेस कमी आणि ग्राहक जास्त असल्याने कंपन्या एकच जाहीर आयपी अनेक ग्राहकांत वाटून देतात. तुमच्याकडे तसं आहे का, हे राउटरच्या सेटिंगमध्ये दिसतं. इंटरनेटच्या बाजूचा अ‍ॅड्रेस `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर बाहेर दिसणारा आयपी तुमच्या एकट्याचा नाही.

यावर हमखास प्रश्न येतो, की मग पोलीस आयपीवरून घरापर्यंत कसे पोचतात? ते नकाशा पाहून पोचत नाहीत. तो आयपी ज्या कंपनीचा आहे तिला ते कायद्याने नोटीस देतात आणि ठरावीक क्षणी तो कुठल्या ग्राहकाकडे होता, हे विचारतात. पत्ता कंपनीच्या ग्राहक-नोंदीत असतो, आयपीत नाही. ती नोंद धमकी देणाऱ्या माणसाला सहजी मिळत नाही.

या नोंदीतही वेळ फार जपावी लागते. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळ लिहितात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. १० तारखेची १८:४५ ही नोंद आपल्याकडे ११ तारखेची मध्यरात्र उलटून सव्वा बारा होते. ती १० तारखेची संध्याकाळ समजून विचारलं, तर त्या वेळी तोच आयपी वापरणारा भलताच ग्राहक पुढे येतो. वाटून दिलेला आयपी असेल तर वेळेबरोबर पोर्ट क्रमांकही लागतो, नाहीतर शेकडो नावं निघू शकतात.

ग्राहकाची माहिती चुकली तर काय होतं, हे पुण्याच्या एका प्रकरणात दिसलं. २००७ साली ऑर्कुटवरच्या शिवाजी महाराजांच्या बदनामीचा तपास पुणे पोलीस करत होते. आयपीवरून इंटरनेट कंपनीने ग्राहकाचं नाव दिलं आणि बंगळुरूतल्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक झाली. माहितीच चुकीची होती. तो निर्दोष तरुण येरवडा तुरुंगात ५० दिवस राहिला.

"पण जेवण मागवायच्या अ‍ॅपला माझी इमारत बरोबर कळते" हे खरंच आहे, पण त्याचं कारण वेगळं. फोनमधलं जीपीएस आणि आसपासच्या वाय-फायची नावं वापरून ते ठिकाण कळतं, आणि लोकेशनची परवानगी आपणच दिलेली असते. घर उघडं पडतं ते अशा परवानग्यांमुळे, शेअर केलेल्या लाइव्ह लोकेशनमुळे, दारावरच्या पाटीसकट टाकलेल्या फोटोंमुळे किंवा आपण पत्ता दिलेल्या कंपनीची माहिती फुटल्यामुळे.

म्हणून आयपी दाखवून कुणी धमकावलं तर पैसे देऊ नका, उत्तरही देऊ नका. मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा; पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. आणि तुमच्या मुलाला अशी धमकी आली असेल, तर तुमच्या घराचा आयपी कुठे दाखवतो ते त्याच्याबरोबर बसून पाहा आणि पिन घरापासून किती लांब पडते ते त्यालाच मोजू द्या.