मराठी, इंग्रजी आणि मधलं पृथ्वीचं बटण

‘udya yeto, jevun ghe’ असं मराठी रोमन लिपीत वाचून कंटाळलेल्यांना खरं तर पाचच मिनिटांचं काम करायचं आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड आधीच असतो. कोणतंही चॅट उघडून लिहायच्या जागी बोट टेकवा. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत दातेरी चक्राचं चिन्ह दिसेल. तिथे नसेल तर चार चौकोनांच्या चिन्हाखाली सापडतं. त्यात Languages, मग Add keyboard आणि यादीतून Marathi. फोनचे मेनू इंग्रजीतच राहतात, बदलतो तो फक्त कीबोर्ड.

आता मांडणी निवडायची. ‘मराठी’मध्ये थेट क, ख, ग अशी अक्षरं असतात. ‘abc → मराठी’मध्ये इंग्रजी अक्षरं दाबायची आणि देवनागरी उमटते. ज्यांची बोटं इंग्रजी कीबोर्डला सरावली आहेत, त्यांनी डोळे मिटून दुसरी घ्यावी. dadarla pohochlo ki phone karto असं टाइप करत गेलं, की ‘दादरला पोहोचलो की फोन करतो’ तयार होतं. मात्र स्पेस दाबण्याआधी वरच्या पट्टीतले पर्याय पाहायची सवय हवी, कारण स्पेस दाबताच समोर आलेला शब्द पक्का होतो. ‘सुऱ्या’ लिहायला जावं आणि ‘सूर्या’ उमटावं, हा नेहमीचा घोळ. पर्यायांत हवा तो शब्द नसेलच, तर अक्षरांच्या मांडणीत ऱ, मग हलन्त, मग य असं लिहावं. साध्या र ने सुरुवात केली तर रफारच मिळणार.

समजा, वरच्या निरोपातच तिकिटाचा पीएनआर किंवा यूपीआय आयडी पाठवायचा आहे. तिथे इंग्रजी लागणारच. स्पेसच्या शेजारचं पृथ्वीच्या गोलाचं बटण एकदा दाबा, इंग्रजी आली. पुन्हा दाबा, मराठी परत. आत्ता कोणती भाषा चालू आहे ते स्पेसवरच लिहिलेलं असतं. पृथ्वी दिसत नसेल तर स्पेस दाबून धरा, भाषांची यादी उघडते. सॅमसंगच्या स्वतःच्या कीबोर्डवर स्पेसवरून आडवं बोट सरकवलं तरी भाषा बदलते.

पृथ्वीचं बटण रेंगाळायला लावतं ते यादीत गर्दी झाली की. हौसेने हिंदी, मराठीच्या दोन्ही मांडण्या आणि इंग्रजी ठेवली, तर हवी ती भाषा यायला तीनदा बटण दाबावं लागतं. चुकून हिंदीवर राहिलात तर सुचवण्याही हिंदीच येतात. ‘आहे’ लिहिताना ‘है’ डोकावू लागलं की समजावं. म्हणून Languages मध्ये परत जाऊन एक मराठी मांडणी आणि एक इंग्रजी एवढंच ठेवा, बाकीच्या काढून टाका. नंतर लागल्याच तर त्याच यादीतून पुन्हा घेता येतात.