पैठणीचा प्रश्न: नक्षी गेली, नाव राहिलं

आता परीक्षेत येतो तसा प्रश्न घेऊ. समजा, येवल्याच्या एका विणकराने पैठणीच्या पदरावर अगदी नवी नक्षी विणली. जानेवारीत तिचा फोटो फेसबुकवर सर्वांसाठी टाकला आणि एप्रिलमध्ये डिझाईन नोंदणीचा अर्ज केला. नोंदणी मिळाली. पुढे आशागडच्या बाजारात एका दुकानदाराने तीच नक्षी यंत्रमागावर काढून ‘येवल्याची पैठणी’ म्हणून विकली. विणकर जिंकेल का?

आधी नक्षी पाहू. डिझाईन कायदा, 2000 च्या कलम 4 नुसार अर्जापूर्वी जगजाहीर झालेली नक्षी नोंदवता येत नाही. नोंदणी मिळाली तरी दुकानदार कलम 22(3) खाली हाच बचाव घेणार. इथे विणकर हरतो, आणि तेही स्वतःच्याच फोटोमुळे.

पण नाव वेगळं. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि ते हातमागावरच्या कापडाला आहे. यंत्रमागाच्या साडीला ते नाव लावणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक. मात्र दावा करायला विणकर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदलेला हवा. नुसतं येवल्यात विणणं पुरत नाही.

म्हणून उत्तर लिहिताना आपण दोनच गोष्टी शोधायच्या: अर्जाची तारीख आणि वापरकर्त्याची नोंद.