स्वस्त दर कुठला, चालू दर कुठला

सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडारात पॅरासिटामॉलच्या गोळ्या संपत आल्या, की तिथला औषधनिर्माण अधिकारी बाजारात भाव काढत फिरत नाही. गोळीचा भाव, ती देणारी कंपनी आणि पुरवठ्याच्या अटी आधीच ठरलेल्या असतात. निविदा काढून, ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक दराने माल देण्याचे पुरवठादाराने लेखी कबूल केलेले असते. यालाच दरकरार म्हणतात. केंद्र सरकारच्या खात्यांसाठी असे करार करणारे महासंचालनालय 2017 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाले आणि त्याची जागा ‘जेम’ पोर्टलने घेतली. महाराष्ट्रात औषधखरेदीचे काम 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेले, पुढे 2023 मध्ये त्यासाठी कायदा करून वेगळे प्राधिकरण नेमले गेले. करार करणारे कार्यालय बदलत राहिले, पण मागणीपत्र भरणाऱ्या माणसापुढचा प्रश्न तोच राहिला: आज, माझ्या रुग्णालयासाठी, या औषधाचा आदेश नेमका कोणाला द्यायचा?

याचे उत्तर दरकराराच्या कागदांत असते, पण एका जागी नसते. दरांचा तक्ता एका जोडपत्रात, मुदत स्वीकृतीपत्रात, कराची अट निविदेच्या सर्वसाधारण शर्तींत आणि मुदतवाढ वर्षभराने आलेल्या एका पानी पत्रात. भांडारातल्या माणसाने दर वेळी हे सगळे उलगडून पाहावे ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून कोणीतरी एकदा बसून त्या कागदांतून कामापुरता तक्ता काढायचा असतो. बहुतेक ठिकाणी असा तक्ता असतोही, पण त्यात तीनच रकाने दिसतात: औषध, पुरवठादार, दर. माझ्या मते हा तक्ता नसलेलाच बरा. दर एकटा उचलला की तो चुकीच्या दुकानात नेतो.

हे कसे घडते ते एका उदाहरणात पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण अशी गुंतागुंत नित्याची आहे. एका रुग्णालयाला 5 नोव्हेंबर 2025 रोजी पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या 5 लाख गोळ्यांचा आदेश काढायचा आहे. फायलीत दोन करार आहेत. ‘अ’ कंपनीच्या करारात दर लिहिला आहे 38 रुपये 50 पैसे. ‘ब’ कंपनीच्या करारात 4 रुपये 10 पैसे. तीन रकान्यांच्या तक्त्यात हे दोन आकडे एकाखाली एक बसले, तर घाईतला माणूस ‘ब’वर बोट ठेवणार.

आता मूळ कागद उघडू. ‘अ’चा दर दहा गोळ्यांच्या दहा पट्ट्यांच्या खोक्याचा आहे, म्हणजे 100 गोळ्यांचा. ‘ब’चा दर एका पट्टीचा. शंभर गोळ्यांना ‘ब’ 41 रुपये लावतो. म्हणजे ‘अ’ स्वस्त. पण थांबा. ‘अ’च्या तक्त्याखाली बारीक अक्षरात ‘जीएसटी अतिरिक्त’ असे आहे आणि ‘ब’चा दर सर्व करांसह आहे. करार झाले तेव्हा या गोळीवर 12 टक्के कर होता. तो धरला तर ‘अ’चे शंभर गोळ्यांचे 43 रुपये 12 पैसे होतात आणि ‘ब’ पुन्हा पुढे जातो.

तेवढ्यात कर बदललेला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. आता ‘अ’चा दर 40 रुपये 43 पैसे पडतो. ‘ब’चा करासह दर मात्र कागदावर तसाच 41 रुपये आहे, आणि इथे शर्तींतले एक वाक्य कामाला येते: करात वैधानिक वाढ वा घट झाल्यास तिचा फरक खरेदीदाराला लागू राहील. अशी अट असेल तर ‘ब’च्या दरातून जुना कर काढून नवा घालावा लागतो. 41 ला 1.12 ने भागून 1.05 ने गुणले की 38 रुपये 44 पैसे येतात. म्हणजे ‘ब’ नुसता स्वस्त नाही, चांगलाच स्वस्त आहे. 5 लाख गोळ्यांना ‘अ’कडे 2 लाख 2 हजार 125 रुपये लागतील, तर ‘ब’कडे सुमारे 1 लाख 92 हजार 188.

मग आदेश ‘ब’ला द्यायचा का? नाही. ‘ब’चा करार मुळात जूनअखेर संपला होता आणि त्याला मुदतवाढीचे पत्र मिळाले आहे. त्या पत्रातले वाक्य असे: ‘31 डिसेंबर 2025 पर्यंत अथवा नवीन दरकरार अंतिम होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत.’ आणि ‘अ’चा करार हाच तो नवीन करार, 1 नोव्हेंबरपासून लागू झालेला. त्या दिवशी ‘ब’चा करार संपला. तक्त्यात 31 डिसेंबर ही तारीख दिसत राहील, पण ती आता निव्वळ शाई आहे. 5 नोव्हेंबरला योग्य पुरवठादार ‘अ’च, जरी तो सुमारे 10 हजार रुपयांनी महाग असला तरी. हाच आदेश 31 ऑक्टोबरला निघाला असता तर तो ‘ब’ला जायला हवा होता.

महाग पुरवठादार योग्य कसा, हे अनेकांना पटत नाही. त्यासाठी दरकराराचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. दरकरार म्हणजे खरेदी नव्हे. तो पुरवठादाराने ठरावीक काळासाठी उघडा ठेवलेला प्रस्ताव असतो आणि एकेक पुरवठा आदेश म्हणजे त्या मालापुरता दिलेला स्वीकार. प्रस्तावाची मुदत संपली की स्वीकारायला काही उरत नाही. संपलेल्या करारावर आदेश काढला तर पुरवठादार त्या दराने माल द्यायला बांधील नसतो, उशीर झाला तर विलंबाचा दंड लावता येत नाही, आणि त्याने माल दिलाच तर ती निविदेविना केलेली खरेदी ठरते. देयक अडकते आणि पुढे लेखापरीक्षणाचा आक्षेप निघतो. नवा दर जुन्यापेक्षा चढा असल्याचे करार करणाऱ्या कार्यालयाला जरूर कळवावे, कारण तो सरकारी पैशाचा प्रश्न आहे. पण त्याचा निवाडा मागणीपत्र भरणाऱ्याने आपल्या टेबलावर करायचा नसतो.

म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक ओळीत दराबरोबर त्याचे एकक हवे, आणि शेजारी एका गोळीचा किंवा एका कुपीचा करासह दर वेगळा काढलेला हवा. कर आत की बाहेर हे हवे. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि ‘जे आधी घडेल’ अशी अट असल्यास तिचा स्वतंत्र रकाना हवा. एकाच औषधासाठी दोन कंपन्यांना समान दराने करार देऊन जिल्हे वाटून दिलेले असतात, तिथे आपला जिल्हा कोणाच्या वाट्याला आहे ते हवे, नाहीतर दर बरोबर असूनही आदेश भलत्याच कंपनीकडे जातो. किमान मागणी आणि पुरवठ्याचे दिवस हवेत. आणि ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो, तोही हवा: ही माहिती कुठल्या कागदाच्या कितव्या पानावरून घेतली, त्याचा उल्लेख. शंका आली की दोन मिनिटांत मूळ ओळीवर पोहोचता येते, आणि शंका येतेच.

कागदावरून आकडे उचलताना घोटाळा कुठे होतो तेही सांगायला हवे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेल्या पीडीएफमधून मजकूर उचलला की निरर्थक अक्षरे हाती येतात. स्कॅन केलेल्या पानावरून संगणकाने वाचलेल्या अंकांत देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल होते, दशांश टिंब गळते, आणि तक्ता दोन पानांवर विभागला असेल तर दर एक ओळ खाली सरकतो. शेवटची चूक सगळ्यांत घातक, कारण प्रत्येक आकडा खरा दिसतो, फक्त तो शेजारच्या औषधाचा असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. काढलेला दर मागच्या कराराच्या दराशेजारी ठेवावा. एखादी ओळ दहापट किंवा दहावा हिस्सा दाखवत असेल, तर टिंब किंवा एकक चुकले आहे. सलग पाचसहा ओळी विचित्र दिसत असतील, तर रकाना सरकला आहे. दर अक्षरी लिहिलेला असेल तर त्याच्याशी पडताळावा. आकडा आणि अक्षर जुळत नसेल तर बहुतेक निविदांत अक्षरी दर ग्राह्य धरतात.

तारखांचेही तसेच. 12/05/2025 ही 12 मे असते, पण संगणकाची तारीखपद्धत अमेरिकी असेल तर तो तिला 5 डिसेंबर समजतो आणि सात महिन्यांचा खोटा जीव करारात भरतो. महिना अक्षरी लिहिणे हा त्यावरचा साधा इलाज. एक्सेलमध्ये G रकान्यात सुरुवात, H मध्ये शेवट आणि I मध्ये नवा करार लागू होण्याच्या आदल्या दिवसाची तारीख ठेवली, तर हे सूत्र ओळ चालू आहे की बंद ते रोज स्वतःच सांगते:

```
=IF(AND(TODAY()>=G2,TODAY()<=MIN(H2,I2)),"चालू","बंद")
```

नवा करार आलेला नसेल तर I मोकळा ठेवावा, सूत्र H चीच तारीख धरते. आपल्या उदाहरणात नवा करार आल्यावर कोणी ‘ब’च्या ओळीत 31 ऑक्टोबर 2025 टाकले असते, तर 1 नोव्हेंबरच्या सकाळी ती ओळ आपोआप बंद झाली असती. मात्र ती तारीख टाकण्याचे काम माणसाचेच आहे, आणि ते ठरावीक माणसाच्या नावावर असायला हवे. शुद्धिपत्रक, मुदतवाढ, नवा करार किंवा पुरवठादारावर घातलेली बंदी, यांतले काहीही आले की त्याच दिवशी त्याने तक्ता दुरुस्त करावा आणि दुरुस्तीची तारीख वरच्या कोपऱ्यात लिहावी.

ही तारीख आदेश काढण्यासाठी आहे, माल पोहोचण्यासाठी नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी निघालेल्या आदेशाचा माल मुदत उलटल्यावर आला तरी सहसा तो करारातच धरला जातो. पण प्रत्येक कराराची ही अट वेगळी असू शकते, म्हणून तीही पान क्रमांकासह लिहून ठेवावी.

खरे तर ही सगळी उठाठेव प्रत्येक रुग्णालयाने वेगळी का करावी? करार करणाऱ्या कार्यालयाकडे दर मुळातच संगणकावर असतात, तरी ते छापून, सही करून, स्कॅन करून पाठवतात, आणि मग शेकडो भांडारांत तेच आकडे पुन्हा हाताने टंकले जातात. सही केलेल्या प्रतीबरोबर एकक, कर, मुदत आणि जिल्हा यांच्या रकान्यांसह एक्सेल तक्ताही पाठवावा, आणि प्रत्येक मुदतवाढीबरोबर तो नव्याने पाठवावा. ज्यांच्या हातात हे आहे त्यांनी पुढच्या दरकरारापासूनच ते सुरू करावे.