‘विद्यालय’ संधी की समास? एका जुन्या घोळाची उकल

‘विद्यालय’ हा शब्द संधीचा की समासाचा, असा प्रश्न परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी हमखास विचारतात. त्यामागे एक पक्का समज असतो: शब्द संधीचा असेल तर तो समासाचा नसतो, आणि समासाचा असेल तर त्यात संधी शोधायची नसते. काही वह्यांत तर शब्दांच्या दोन वेगळ्या याद्या केलेल्या असतात, एक संधीची आणि एक समासाची. या याद्या पाठ करण्यात दिवस जातात आणि गुणही जातात, कारण ही विभागणी मुळातच चुकीची आहे. ‘विद्यालय’मध्ये संधीही आहे आणि समासही आहे.

संधी वर्णांची होते, समास शब्दांचा होतो. दोन वर्ण शेजारी आले आणि उच्चारात एकमेकांत मिसळले की संधी झाली. ‘विद्या’मधला शेवटचा आ आणि ‘आलय’मधला पहिला आ मिळून एकच आ झाला, ही सवर्णदीर्घ संधी. तिथे अर्थाचा काही संबंध आला नाही. समासात मात्र दोन शब्द अर्थाने जवळ येतात आणि त्यांच्यामधले प्रत्यय किंवा जोडणारे शब्द गळून पडतात. ‘विद्येचे आलय’ यातला ‘चे’ गळाला आणि ‘विद्यालय’ उरले. गळालेला प्रत्यय षष्ठीचा आहे, म्हणून हा षष्ठी तत्पुरुष. संधीने आवाज जोडला आणि समासाने अर्थ.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे परंपरेतही स्पष्ट दिसते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत समासाचे नियम दुसऱ्या अध्यायात आहेत, स्वरसंधीचे सहाव्या अध्यायात, तर व्यंजनसंधी आणि विसर्गसंधी यांचे बरेचसे नियम आठव्या अध्यायात. एकाच गोष्टीचे दोन प्रकार असते तर ते असे दूरदूर पडले नसते.

दोन्ही गोष्टी एकमेकींवाचूनही राहतात. ‘राजवाडा’, ‘तोंडपाठ’, ‘पोळपाट’ हे समास आहेत, पण त्यांत शेजारचे वर्ण एकमेकांत मिसळलेले नाहीत, म्हणजे संधी नाही. उलट ‘तथापि’मध्ये तथा + अपि अशी संधी आहे, समास नाही. ‘काहीसा’ (काही + असा) आणि ‘करून’ (कर + ऊन) यांतही संधी आहे, समास नाही. ‘करून’मध्ये तर दोन शब्दसुद्धा नाहीत; एक धातू आणि एक प्रत्यय आहे.

घोळाचे खरे मूळ बहुधा ‘विग्रह’ या शब्दात आहे. ‘संधी विग्रह करा’ आणि ‘समासाचा विग्रह करा’ अशा दोन्ही सूचना प्रश्नपत्रिकांत आणि मार्गदर्शकांत येतात. शब्द एकच असल्याने विद्यार्थी दोन्हीकडे एकच उत्तर लिहितो. समासाच्या प्रश्नाखाली ‘विद्या + आलय’ असे लिहिलेले उत्तर चूक आहे, कारण अधिकचे चिन्ह अर्थ सांगत नाही. समासाचा विग्रह म्हणजे मराठीत सहज बोलता येईल असा पूर्ण शब्दसमूह. संधीच्या फोडीत मात्र मूळ रूपे आणि त्यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह एवढेच हवे.

हा फरक ‘जगन्नाथ’ या शब्दात फार स्वच्छ दिसतो. संधीची फोड जगत् + नाथ. पुढच्या न मुळे त् चा न् झाला, ही व्यंजनसंधी. समासाचा विग्रह मात्र ‘जगाचा नाथ’. मराठीत ‘जगत्‌चा नाथ’ असे कोणी म्हणत नाही. ‘महोत्सव’चेही तसेच: संधी महा + उत्सव, विग्रह ‘महान असा उत्सव’. दोन्ही ठिकाणी संधी जुने संस्कृत रूप दाखवते आणि विग्रह आजच्या मराठीत बोलतो. दोन उत्तरांतले शब्दसुद्धा सारखे नसतील, तर ती एकमेकांच्या जागी चालणार कशी?

याहून भक्कम पुरावा ‘पीतांबर’ या शब्दात मिळतो. संधी सरळ आहे: पीत + अंबर, अ आणि अ मिळून आ. ती कधीही बदलत नाही. समास मात्र वाक्य पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ‘आजोबा पीतांबर नेसून पूजेला बसले’ या वाक्यात ‘पिवळे असे वस्त्र’ हा अर्थ आहे. यात दुसरे पद महत्त्वाचे, म्हणून हा कर्मधारय. तो तत्पुरुषाचाच एक प्रकार. ‘पीतांबराने गोवर्धन उचलला’ या वाक्यात वस्त्र कोणी उचलत नाही. ‘पिवळे आहे वस्त्र ज्याचे असा तो’, म्हणजे कृष्ण, हा अर्थ आहे. दोन्ही पदांबाहेरचा तिसराच कोणी महत्त्वाचा ठरला, म्हणून हा बहुव्रीही. एकच शब्द, एकच संधी, पण समास दोन. समासाचे नाव ठरवताना कोणते पद प्रधान आहे हे पाहायचे असते: पहिले प्रधान असेल तर अव्ययीभाव, दुसरे असेल तर तत्पुरुष, दोन्ही असतील तर द्वंद्व, कोणतेच नसेल तर बहुव्रीही.

संधी सोडवताना अर्थाकडे पाहायचेच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. वर्ण कसे मिसळले हे नियम सांगतो, पण शब्द नेमका कुठे तोडायचा हे अर्थच सांगतो. ‘हिमालय’मधला मा पाहून ‘हिमा + लय’ अशी फोड कागदावर जुळते, पण तसा शब्द होत नाही. हिम म्हणजे बर्फ आणि आलय म्हणजे घर हे माहीत असले की ‘हिम + आलय’ आपोआप दिसते. ‘विद्यालय’ची ‘विद्य + आलय’ अशी चूकही याच कारणाने होते. आ हा अ + अ, अ + आ, आ + अ, आ + आ या चारही जोड्यांतून येतो, त्यामुळे केवळ कान्याकडे पाहून मूळ स्वर कळत नाही. फोड लिहिल्यावर दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे अर्थपूर्ण आहेत का हे पाहिले की अशी चूक बहुतेक वेळा सापडते.

आणखी काही समज थोडक्यात निकालात काढता येतात. संधी फक्त संस्कृत शब्दांत होते हे खरे नाही. ‘काहीसा’, ‘नाहीसा’, ‘करून’ या खास मराठी संधी आहेत. पहिले पद संख्या असले की समास द्विगूच, हेही खरे नाही. ‘नवरात्र’ हा नऊ रात्रींचा समूह म्हणून द्विगू, पण ‘दशानन’ म्हणजे दहा तोंडांचा समूह नव्हे, ती तोंडे ज्याला आहेत तो रावण, म्हणून बहुव्रीही. ‘अ’ किंवा ‘अन्’ने सुरू होणारा प्रत्येक सामासिक शब्द नञ् तत्पुरुष नसतो, ‘अयोग्य’ आहे, पण ‘नाही नाथ ज्याला तो’ हा ‘अनाथ’ नाही.

आणि एक शेवटचा, लेखनाशी निगडित. ‘गुरू’ दीर्घ लिहायचा, मग ‘गुरुकुल’मधला रु ऱ्हस्व कसा, याचे उत्तर अनेक जण संधीत शोधतात. तिथे संधी नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ऱ्हस्व इकारान्त आणि उकारान्त शब्द मराठीत एकटे असताना दीर्घ लिहितात, पण समासाचे पहिले पद झाले की मूळचे ऱ्हस्व रूप टिकते, असा मराठी शुद्धलेखनाचा नियम आहे. म्हणून ‘कवी’ पण ‘कविमन’, ‘गुरू’ पण ‘गुरुकुल’. ‘लक्ष्मी’ हा शब्द मुळातच दीर्घ, म्हणून ‘लक्ष्मीपुत्र’मध्ये तो दीर्घच राहतो.