चित्रातला आकडा, हातातला मजकूर

गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी पाठवायची होती. चुलत्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खात्याचा तपशील टाकला, तोही स्क्रीनशॉट काढून. खाते क्रमांक, आयएफएससी कोड, शाखेचं नाव सगळं डोळ्यांना दिसत होतं, पण उचलून बँकेच्या ॲपमध्ये चिकटवता येत नव्हतं. स्क्रीनशॉट म्हणजे शेवटी चित्रच. त्यातलं अक्षर फोनच्या लेखी अक्षर नसतं, नुसते रंगीत ठिपके असतात.

हे ठिपके वाचून पुन्हा अक्षरं करणारी सोय आता बहुतेक फोनमध्ये मुळातच असते. अँड्रॉइडवर गूगल फोटोजमध्ये तो स्क्रीनशॉट उघडायचा, खालच्या लेन्सच्या खुणेवर बोट ठेवायचं आणि हवा तेवढा मजकूर निवडून कॉपी करायचा. आयफोनवर फोटोजमध्ये चित्र उघडून थेट अक्षरांवरच बोट दाबून धरलं की निवड सुरू होते. विंडोज ११ च्या संगणकावर `Win + Shift + S` दाबून हवा तो भाग कापायचा, मग स्निपिंग टूलमध्ये तो उघडून `Text actions` वर क्लिक करायचं. मॅकवर प्रीव्ह्यूमध्ये चित्र उघडलं की त्यातला मजकूर माउसने निवडता येतो.

मी लेन्सने कोड उचलला आणि बँकेच्या ॲपमध्ये चिकटवला. ॲपने तो नाकारला. मूळ चित्राशी तीनदा ताडून पाहिला, फरक दिसेना. गफलत पाचव्या जागी होती. कोडची घडण `ABCD0001205` अशी असते आणि माझ्याकडे आलं होतं `ABCDO001205`. शून्याच्या जागी इंग्रजी ओ आला होता.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. यंत्र आधी आकार ओळखतं आणि शंका आली की शेजारच्या अक्षरांचा आधार घेतं. वाक्यातल्या शब्दाला भाषेचा आधार मिळतो, म्हणून तिथे चुका कमी होतात. कोडला असा आधार नसतो. चार अक्षरांना लागून आलेला गोल आकार यंत्राला पाचवं अक्षरच वाटतो. पण आयएफएससीला स्वतःचा नियम आहे: एकूण अकरा चिन्हं, पहिली चार बँकेची अक्षरं, पाचवं कायम शून्य आणि उरलेली सहा शाखेची. हा नियम ठाऊक असला की चूक कुठे शोधायची ते कळतं. मी पाचवं चिन्ह खोडून हाताने शून्य टाकलं आणि ॲपने शाखेचं नाव दाखवलं.

कोड चुकला तर निदान ॲप अडवतं. खाते क्रमांकाचा तसा भरवसा नाही. तीनचा आठ झाला किंवा लागोपाठच्या चार शून्यांतलं एक गळलं, तरी तो क्रमांकासारखाच दिसतो. म्हणून आधी आकडे मोजावेत आणि मग शेवटाकडून तीन-तीनच्या गटांनी मूळ चित्राशी ताडावेत. सरळ वाचत गेलं की डोळा सवयीने पुढे सरकतो आणि चूक निसटते.

त्याच ग्रुपवर कार्यक्रमाची मराठी सूचनाही स्क्रीनशॉटनेच आली होती. मराठीची अडचण वेगळी. आयफोनची ही सोय २०२१ साली आली तेव्हाच्या सात भाषांत देवनागरी लिपीतली एकही नव्हती. तुमच्या फोनवर मराठी मजकूर निवडला जात नसेल, तर आयफोनवरच्या गूगल ॲपमधली लेन्स वापरून पाहा, ती देवनागरी वाचते. मात्र अनुस्वाराचा टिंब दोन-चार ठिपक्यांचा असतो, चित्र पुसट झालं की आधी तोच जातो. ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये गल्लत होते, ‘भ’ आणि ‘म’ मध्येही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हमखास तपासावा. तारखेतल्या १ आणि ९ कडे तर विशेष लक्ष द्यावं. तारखेशेजारी वार छापलेला असेल तर कॅलेंडर उघडून दोन्ही जुळतात का ते पाहावं.

पुसट चित्राचं कारण बहुधा व्हॉट्सॲपच असतं. फोटो पाठवताना ते त्याचा आकार कमी करतं आणि अक्षरांच्या कडा विरतात. तोच स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून मागवला तर जसाच्या तसा येतो. आणखी एक: लेन्स चित्र गूगलकडे पाठवून वाचते. म्हणून पासबुकाचं अख्खं पान देऊ नये, हव्या त्या दोन ओळी कापून घ्याव्यात.

सगळं ताडून झाल्यावरही मी आधी एकच रुपया पाठवला आणि चुलत्यांना फोन लावला. ते खजिनदारांकडेच बसले होते. “आला गं,” म्हणाले, “आता बाकीचे टाक.”