छेदातलं शून्य आणि पोकळ वर्तुळ

अडलेलं गणित उतरवून पाठवायचे दिवस गेले. आता वहीच्या पानाचा फोटो काढायचा आणि क्लासच्या ग्रुपवर टाकायचा. मात्र गणित परिमेय असमानतेचं असेल, म्हणजे x छेदातही असेल, तर सोडवायला घेण्याआधी तो फोटो जरा मोठा करून बघावा. एक नमुना घेऊ:

(2x + 1)/(x − 3) ≥ 1

दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, अपूर्णांकाची आडवी रेघ कुठपर्यंत आहे? ती x खालीच संपली आणि "− 3" बाहेर राहिला, तर गणितच बदलतं आणि उत्तर 0 < x ≤ 1/2 असं येतं. रेघ "x − 3" च्या पूर्ण रुंदीची असेल तर उत्तर निराळं. दुसरी, चिन्हाखालची बारीक रेघ. पेन्सिलीचं लिखाण आणि पिवळा दिवा असला की ≥ चं सहज > दिसतं. त्या एका रेघेवर उत्तरातला एक बिंदू अवलंबून असतो.

गणित वाचून झालं की हात आपोआप तिरप्या गुणाकाराकडे वळतो. 2x + 1 ≥ x − 3, म्हणून x ≥ −4. दोन ओळींत काम झालं, पण उत्तर चुकलं. x = 0 ठेवून पाहा: डावीकडे 1/(−3) येतं, आणि ते 1 पेक्षा मोठं नाही. उलट x = −5 हे या उत्तरात नाही, तरी तिथे (−9)/(−8), म्हणजे 9/8 येतं आणि अट पाळली जाते. कारण साधं आहे. ऋण संख्येने गुणलं की असमानतेचं चिन्ह उलटतं, आणि x − 3 धन आहे की ऋण हे आपल्याला अजून माहीतच नाही.

म्हणून गुणायचं नाही. उजवीकडचा 1 डावीकडे आणायचा आणि समान छेद करायचा:

(2x + 1 − x + 3)/(x − 3) ≥ 0
(x + 4)/(x − 3) ≥ 0

आता प्रश्न फक्त चिन्हाचा उरला. अंश −4 ला शून्य होतो, छेद 3 ला. हे दोन बिंदू संख्यारेषेचे तीन भाग करतात. प्रत्येक भागातली सोयीची एक संख्या घेऊन तक्ता भरायचा:

| भाग | घेतलेली संख्या | x + 4 | x − 3 | भागाकार |
|---|---|---|---|---|
| x < −4 | −5 | − | − | + |
| −4 < x < 3 | 0 | + | − | − |
| x > 3 | 4 | + | + | + |

आपल्याला धन भाग हवेत, म्हणजे पहिला आणि तिसरा. राहिले सीमेवरचे दोन बिंदू. −4 ला भागाकार शून्य होतो आणि ≥ मध्ये शून्य चालतं, म्हणून तिथे भरीव वर्तुळ. 3 ला मात्र 7/0 अशी राशी होते आणि तिला किंमतच नाही. आसपास काय घडतं तेही बघण्यासारखं आहे: मूळ राशीची किंमत x = 2.99 ला −698 असते आणि x = 3.01 ला 702. मधे शून्य लागतच नाही, थेट उडी आहे. म्हणून 3 वर पोकळ वर्तुळ, चिन्ह ≥ असलं तरीही. उत्तर: x ≤ −4 किंवा x > 3, म्हणजेच (−∞, −4] ∪ (3, ∞).

मुलांचे गुण जातात ते बहुधा इथे. "प्रश्नात बरोबरीचं चिन्ह आहे" म्हणून दोन्हीकडे चौकोनी कंस घातला जातो. बरोबरीची सूट फक्त अंशाच्या शून्यांना मिळते, छेदाच्या शून्यांना कधीच नाही.

जेईईच्या क्लासमध्ये तक्त्याऐवजी "वेव्ही कर्व्ह" शिकवतात: उजवीकडून धन धरून निघायचं आणि प्रत्येक बिंदूला चिन्ह पालटायचं. ही युक्ती वेळ वाचवते, पण (x + 4)/(x − 3)² ≥ 0 सारख्या गणितात ती डोळे मिटून वापरली तर फसवते. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून 3 ला चिन्ह पालटत नाही. −4 पासून पुढे सगळं धनच राहतं. तरीही 3 वगळावाच लागतो. उत्तर [−4, 3) ∪ (3, ∞).

सर्वांत छुपी चूक अवयव कापताना होते. (x² − 9)/(x − 3) ≥ 0 मध्ये x − 3 वरखाली कापला की x + 3 ≥ 0 एवढंच उरतं आणि x ≥ −3 लिहून मुलं मोकळी होतात. पण मूळ राशीत x = 3 ठेवलं तर 0/0 येतं, म्हणून इथेही 3 बाहेरच राहतो. यावर उपाय एकच: काहीही कापण्याआधी, फोटोतल्या मूळ छेदाची शून्यं पानाच्या कडेला लिहून ठेवायची आणि शेवटचं उत्तर त्या यादीशी ताडून पाहायचं.